अवघड प्रोजेक्ट संपल्यावर मॅनेजरकडून खरं मत कसं काढून घ्यावं?

अनुस्वार

मंडळी, एक व्यावहारिक प्रश्न आहे. जुन्या बिलिंग प्रणालीतला डेटा नव्या प्रणालीत हलवायचा आमचा प्रोजेक्ट नुकताच संपला. चार महिन्यांचं काम सात महिने चाललं. गो-लाइव्हची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा तर शनिवारी रात्री सगळं नव्यावर नेलं आणि रविवारी दुपारी परत जुन्यावर आणावं लागलं. शेवटी झालं, आता सुरळीत चालतंय. मी टीम लीड होते.

मॅनेजरांबरोबर माझं दर महिन्याला अर्धा तास वन-ऑन-वन असतं. मागच्या वेळी विचारलं, "या प्रोजेक्टमध्ये माझं काम कसं वाटलं?" म्हणाले, "छान सांभाळलंस. परिस्थितीच अवघड होती. कम्युनिकेशन थोडं सुधारता येईल." म्हटलं, म्हणजे नेमकं काय? तर म्हणे, "तसं जनरलच गं." आणि गाडी पुढच्या तिमाहीवर गेली.

माणूस खडूस अजिबात नाही. पण मनात काहीतरी आहे हे कळतं, कारण पुढच्या प्रोजेक्टमध्ये क्लायंटच्या साप्ताहिक बैठकीला माझ्याऐवजी ते स्वतः बसणार असं ठरलंय. जे काही आहे ते मला ऐकायचंय, गुळमुळीत नको. पुढच्या वेळेसाठी हे प्रश्न काढलेत: माझी बलस्थानं आणि कमतरता कोणत्या, माझ्यात काय सुधारणा हवी, प्रोजेक्ट का लांबला असं तुम्हाला वाटतं, आणि मला दहापैकी किती गुण द्याल. यातले कुठले ठेवू, कुठले काढू?

टोपणनाव

शेवटचा ठेवा. "आठ" म्हणतील, तुम्ही खूश, ते खूश, अर्धा तास वाचला.

मधुमालती

मला पण यंदा पाचपैकी तीनच मिळाले, वर्षभर राबून. अपील करायची मुदत बहुतेक ठिकाणी फार कमी असते, तेव्हा वेळ घालवू नका. केलेल्या कामांची यादी करा आणि लेखी द्या. गप्प बसलं की गृहीत धरतात.

अनुस्वार

मधुमालती, रेटिंगचा प्रश्न नाहीये हो, ते व्यवस्थित आलंय. मला त्यांचं मत हवंय, गुण नकोत. (गुणांचा प्रश्न मीच घातलाय हे लिहिताना लक्षात आलं. खोडते.)

जुनाखांब

बरीच वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलोय, म्हणजे असे प्रश्न मला विचारले जातात. तिकडून काय दिसतं ते सांगतो.

"माझं काम कसं वाटलं?" असं कोणी विचारलं की उत्तर देण्याआधी डोक्यात तीन गोष्टी येतात. ही दुखावली जाईल का? मी बोलेन ते पुढे कुठे कागदावर येईल का? आणि या सगळ्या गोंधळात माझा स्वतःचा वाटा किती होता? तिसरी सगळ्यात अडचणीची. प्रोजेक्ट लांबला तेव्हा तुमचे मॅनेजर परग्रहावर नव्हते. ते खरं बोलायला लागले की त्यांचं स्वतःचं वागणंही चर्चेत येणार. अशा वेळी "छान सांभाळलंस" हे सगळ्यात स्वस्त उत्तर असतं. वाईट बातमी तोंडावर सांगायला माणसं कचरतात, अगदी त्या बातमीत त्यांचा दोष नसला तरी. रोझन आणि टेसर यांनी 1970 मध्ये यावर प्रयोग केले होते, त्याला 'मम इफेक्ट' म्हणतात. तेव्हा तुमचे मॅनेजर लपवाछपवी करतात असं समजू नका, ते चारचौघांसारखेच वागतायत.

आता तुमचे प्रश्न. "माझ्या कमतरता", "माझ्यात सुधारणा" हे प्रश्न माणसाबद्दल आहेत. माणसाबद्दल विचारलं की उत्तरात विशेषणं येतात: मेहनती, शांत, थोडी कमी बोलणारी. विशेषणांचं पुढे काही करता येत नाही. त्याऐवजी एखाद्या घटनेबद्दल विचारा, आणि त्यांनी काय पाहिलं, त्यांना काय वाटलं ते विचारा. उदाहरणार्थ, "गो-लाइव्ह दुसऱ्यांदा पुढे ढकलायचं ठरलं, त्याआधी तारीख हातची जातेय असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं? कशावरून?"

यात ते तुम्हाला काहीच म्हणत नाहीयेत, स्वतःची आठवण सांगतायत. म्हणून तोंड उघडतं. पण तुम्हाला त्यात हवं ते मिळतं. तारीख जाणार हे तुम्हाला समजा महिन्याच्या सुरुवातीला कळलं होतं आणि त्यांना ते शेवटच्या आठवड्यात कळलं, तर मधल्या तीन आठवड्यांत काय झालं हाच तुमचा 'कम्युनिकेशन सुधार'.

प्रोजेक्ट का लांबला हा प्रश्न मी काढून टाकेन. "का" विचारलं की कारणमीमांसा सुरू होते, म्हणजे व्हेंडर, मनुष्यबळ, बदललेल्या गरजा. सगळं खरं असतं आणि तुमच्या उपयोगाचं त्यात काही नसतं.

रेवा_आर

जुनाखांब यांच्याशी सहमत, पण याहून सोपा उपाय आहे. फीडबॅक मागूच नका, सल्ला मागा. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय वेगळं केलं असतं?" हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी 2019 मध्ये हेच मांडलं होतं. फीडबॅक मागितला की लोक मोघम कौतुक करतात, सल्ला मागितला की जास्त नेमक्या आणि जास्त टीकात्मक गोष्टी सांगतात. मी हा एकच प्रश्न विचारते, नेहमी चालतो.

सायलेंटमोड

चालतो म्हणजे? माझं ऐका मग.

आधीच्या एका कंपनीत असताना, असाच एक प्रोजेक्ट गडगडल्यावर, मी प्रामाणिकपणे विचारलं होतं की मी कुठे कमी पडलो. मॅनेजरनं दोन-तीन गोष्टी सांगितल्या, मी मान डोलावली, वर "हो, अंदाज बांधण्यात मी कच्चा आहे" असंही म्हणालो. वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर तेच वाक्य, "कर्मचाऱ्यानं स्वतः मान्य केलं आहे" या शेपटासकट! तेव्हापासून माझा नियम साधा आहे. मॅनेजरला हवामान विचारावं.

टोपणनाव

हवामान पण जपून. "ढगाळ" म्हणालात तर दृष्टिकोन नकारात्मक लिहितील.

नियमावली

मी एचआरमध्ये आहे, दगड मारण्यापूर्वी ऐकून घ्या.

सायलेंटमोड यांचा किस्सा दुर्मीळ नाही. त्यात मॅनेजरचं चुकलंच, पण वेळही चुकली होती असा माझा अंदाज आहे. मूल्यमापनाचं चक्र सुरू झालं आणि रेटिंग अजून गोठलेलं नाही, अशा काळात मॅनेजरच्या कानावर पडलेली प्रत्येक गोष्ट त्या फॉर्मसाठी कच्चा माल असते. त्याचा हेतू चांगला असला तरी, कारण त्याला रकाने भरायचे असतात. अनुस्वार यांचं रेटिंग येऊन गेलंय, म्हणजे त्या दृष्टीनं आत्ताची वेळ चांगली आहे. फक्त फार उशीर करू नका. एखादा महिना उलटला की "त्या बैठकीत" काय झालं हे कोणालाच धड आठवत नाही, आणि उत्तरं पुन्हा "जनरल" व्हायला लागतात. गो-लाइव्हच्या दुसऱ्या दिवशीही नको, तेव्हा सगळे थकलेले असतात आणि एकमेकांचं कौतुक करत असतात.

आणि एक. "माझ्या कमतरता" हे शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारू नका. भीती म्हणून नाही. घटनेबद्दल बोलणं झालं तर त्यातून कोणाला "कबुलीजबाब" तयारच करता येत नाही.

जुनाखांब

रेवा, सल्ला मागणं चांगलं, त्या संशोधनाबद्दल दुमत नाही. पण "माझ्या जागी असता तर" यात एक गोम आहे. शेवट माहीत झाल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटायला लागतं. फिशहॉफनं 1975 मध्ये हे दाखवलं होतं: निकाल कळलेल्या लोकांना तो निकाल मुळातच जास्त संभाव्य वाटायला लागतो, आणि आपण निकाल कळल्यामुळे असं म्हणतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न ऐकून मॅनेजर म्हणणार, "मी असतो तर त्या शनिवारी गेलोच नसतो नव्यावर." आता म्हणायला काय जातंय! त्या शनिवारी ते स्वतः कॉलवर होते आणि एक शब्द बोलले नव्हते, हे सोयीस्कर विसरलेलं असतं.

म्हणून प्रश्नाला खुंटी मारा. "शनिवारी रात्री दहा वाजता आपल्याला जेवढं माहीत होतं, तेवढ्यावरच मी काय वेगळं ठरवायला हवं होतं?" मग त्यांना त्या वेळेला परत जावं लागतं. आणि तुम्ही त्या रात्रीचं चॅट, तो दिवसाचा रिपोर्ट उघडून समोर ठेवलात तर आणखी बरं. पुरावा म्हणून नव्हे, दोघांनाही आठवावं म्हणून.

रेवा_आर

हं. म्हणजे माझा प्रश्न पुढच्या प्रोजेक्टसाठी ठीक, मागच्यासाठी नाही?

जुनाखांब

जवळपास तसंच. पुढचा विचारताना निकाल कोणालाच माहीत नसतो, म्हणून सल्ला प्रामाणिक येतो.

कीबोर्डशूर

एवढा खटाटोप कशाला? सगळे प्रश्न ईमेलनं पाठवा आणि उत्तरं लेखी मागा. विचार करायला वेळ मिळतो, नंतर कोणी शब्द फिरवत नाही.

जुनाखांब

प्रश्न लेखी, उत्तरं तोंडी. दोन दिवस आधी दोनच प्रश्न पाठवा, म्हणजे मॅनेजरला गाफील पकडल्यासारखं होत नाही. पण उत्तर लिहायला सांगितलं की माणूस "हे आणखी कोण वाचेल" याचा विचार करून लिहितो. मी तरी तसंच लिहितो.

कीबोर्डशूर

माणसामाणसावर आहे. माझी मॅनेजर बोलताना अत्यंत संकोची. समोरासमोर विचारलं तर "ऑल गुड" याच्या पलीकडे जात नाही, आणि लिहायला बसली की असं काही लिहिते की दोन दिवस झोप येत नाही. त्या लिहिण्यातूनच मला कळलं की माझे रिपोर्ट ती पुढे पाठवण्याआधी स्वतः पुन्हा लिहीत होती. समोरासमोर ती हे कधीच बोलली नसती. तेव्हा सरसकट नियम नको.

नियमावली

कीबोर्डशूर यांच्या उदाहरणात एक फार उपयोगाची गोष्ट आहे, ती हातची जाऊ नये. मॅनेजरनं तुमच्यासाठी तुमच्या नकळत काय काम केलं? रिपोर्ट पुन्हा लिहिणं, क्लायंटला शांत करणं, वरिष्ठांना समजावणं. यावर थेट विचारता येतं: "या प्रोजेक्टमध्ये माझ्या कामाबद्दल तुम्हाला वर किंवा क्लायंटला काय समजावून सांगावं लागलं?" यात टीका करायची नसते, फक्त झालेली गोष्ट सांगायची असते. पण उत्तर जवळजवळ नेहमी नेमकं येतं, कारण ते समजावताना त्यांना त्रास झालेला असतो आणि त्रास विसरला जात नाही.

जुनाखांब

+१. हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही, विचारला असता तर मी भडाभडा बोललो असतो.

गोगलगाय

बाकी ठीक, पण दहापैकी गुण आणि मग "एक गुण वाढवायला काय करू?" ही पद्धत सगळीकडे सांगतात. ती का नको?

नियमावली

आकडा उच्चारला की संभाषणात मूल्यमापन शिरतं. "सात का, आठ का नाही" यावर घासाघीस सुरू होते आणि घटना बाजूला राहते. चालते काही जणांना. मी वापरणार नाही.

टोपणनाव

माझ्या मॅनेजरनं एकदा "साडेसात" सांगितलं. उरलेल्या अर्ध्या गुणाचा शोध अजून चालू आहे.

खडीसाखर

तुम्ही सगळे प्रश्नांवर भर देताय, पण माझं निरीक्षण असं की चांगला प्रश्न विचारूनही लोक उत्तर वाया घालवतात. मॅनेजर पहिलं वाक्य बोलतो, "मला जरा उशिरा कळलं असं वाटलं," आणि आपण लगेच, "नाही, पण मी त्या मंगळवारी सांगितलं होतं ना!" झालं. तो मागे सरतो आणि पुन्हा "छान" वर येतो. पहिलं वाक्य हे चाचपणी असतं. तेवढं पचवलंत तर दुसरं येतं, आणि खरं ते दुसऱ्यात असतं. म्हणून उत्तर आलं की मनात पाच आकडे मोजा. शांतता अवघड वाटते, पण ती भरायची जबाबदारी त्यांच्यावर सोडा.

मग एकच उपप्रश्न: "असं झालेलं एखादं उदाहरण आठवतंय?" उत्तरात बैठक, ईमेल, तारीख यांपैकी काही आलं तर उत्तर कामाचं. नाही आलं तर अजून विशेषणातच आहात असं समजायचं.

मधुमालती

पण खोटं सांगत असेल तर उत्तर द्यायचं नाही का? गप्प बसून मान्य करायचं?

खडीसाखर

द्यायचं, पण त्या बैठकीत नाही. "मला हे वेगळं आठवतंय, बघून सांगते" एवढं म्हणून थांबायचं. गप्प बसलं म्हणजे मान्य केलं असं नाही.

जुनाखांब

घटनेवर राहा असं मी सारखं म्हणतोय, त्याला आणखी एक कारण आहे. फीडबॅक मिळाला की काम सुधारतंच असं आपण धरून चालतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी 1996 मध्ये जुने शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट खालावलं होतं. लक्ष कामावरून उडून "मी कशी आहे" यावर गेलं की तसं होतं असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरनं मनापासून दिलेली "तू अव्यवस्थित आहेस" अशी स्पष्टोक्ती सुद्धा तुम्हाला चार दिवस कुढवेल, आणि पाचव्या दिवशी काय बदलायचं ते कळणार नाही. खरं बोलणं आणि उपयोगाचं बोलणं यात अंतर आहे.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न ठरवले: तारीख जातेय असं पहिल्यांदा कधी वाटलं, आणि माझ्याबद्दल वर काय समजावावं लागलं. चॅटवर पाठवून ठेवते, येऊन सांगेन.

सायलेंटमोड

शुभेच्छा. वकील आहे ओळखीचा.

अनुस्वार

झालं परवा. सविस्तर लिहिते, कारण मला अपेक्षित होतं त्यापेक्षा वेगळंच निघालं.

सुरुवातीला मीच म्हटलं की रेटिंगशी याचा संबंध नाही, पुढच्या प्रोजेक्टमध्ये तेच पुन्हा होऊ नये म्हणून विचारतेय. पहिल्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प. मीही गप्प (खडीसाखर, पाच आकडे फार लांब असतात हो). मग म्हणाले, "तिसऱ्या ट्रायल रननंतरच्या सोमवारी. क्लायंटच्या फायनान्सवाल्यांनी मला आकडा सांगितला तेव्हा."

संदर्भ असा. तिसऱ्या ट्रायल रनमध्ये जुन्या आणि नव्या प्रणालीतल्या बिलांचा ताळमेळ लावला, तेव्हा 2 लाख 10 हजार खात्यांपैकी 1,140 जुळली नाहीत. टक्क्यांत पाहिलं तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शुक्रवारच्या स्टेटस रिपोर्टमध्ये मी वर "किरकोळ तफावत, तपास चालू" लिहिलं होतं आणि आकडा जोडलेल्या शीटमध्ये होता. सोमवारी वरिष्ठांच्या बैठकीत मॅनेजर "किरकोळ" असंच बोलून गेले. तासाभरात क्लायंटच्या फायनान्सकडून त्यांना फोन: न जुळलेली सगळी खाती एकाच प्रकारची आहेत, महिन्याच्या मध्यात प्लॅन बदललेल्या ग्राहकांची. म्हणजे चूक विखुरलेली नव्हती, एका नियमात होती आणि दर महिन्याच्या बिलात पुन्हा उगवणार होती. त्यासाठी ते रूपांतराचे नियम परत लिहावे लागले आणि तारीख गेली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच निघालं. त्यांना वर हेच समजावावं लागलं होतं की लपवलं नव्हतं, टीमला गांभीर्य उशिरा कळलं. त्यावर त्यांना ऐकावं लागलं, "मग तुला तरी केव्हा कळलं?" हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. क्लायंटच्या बैठकीला स्वतः बसायचं तिथूनच आलंय.

मी उदाहरणापलीकडे विचारलं, "त्या शुक्रवारच्या रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत काय असतं तर तुम्हाला सोमवारी पुरलं असतं?" म्हणाले, "किती खाती, कुठल्या प्रकारची, आणि तारखेवर परिणाम होईल का. माहीत नसेल तर माहीत नाही, आणि कधी कळेल ते." तीन गोष्टी. इतकं स्पष्ट ते यापूर्वी कधी बोलले नव्हते.

मग स्वतःहून म्हणाले, "शीट मी उघडली नव्हती." त्यावर मी काही बोलले नाही.

रेवा_आर

"पहिल्या ओळीत काय असतं तर" हा प्रश्न चोरतेय.

जुनाखांब

तो तुमचा उपप्रश्न मूळ दोन्हींपेक्षा सरस आहे. हातातल्या कागदावर बोट ठेवून विचारलंत.

एकच विचारतो. खाती एकाच प्रकारची आहेत हे शुक्रवारी तुमच्या टीममध्ये कोणाला दिसलं होतं का? दिसलं असेल तर रिपोर्ट बदलून भागणार नाही, टीममधून तुमच्यापर्यंत काय येतं तेही बघावं लागेल.

अनुस्वार

ताळमेळ लावणाऱ्याला शंका आली होती, शनिवारी तपासून सांगतो म्हणाला होता. शनिवारी तो सुट्टीवर गेला. म्हणजे हो, बघावं लागेल.

ढवळाढवळ

मला यात एक खटकतंय. फोन येऊन दोन-तीन महिने तरी झाले असतील. इतके दिवस हे मनात ठेवलं, परस्पर बैठकीतून बाजूला काढलं, आणि सांगितलं केव्हा, तर हिनं दोन दिवस आधी प्रश्न पाठवून, वर पाच आकडे मोजून. सांगण्याचा पगार कोणाला मिळतो? खालच्यानं एवढी कसरत का करायची?

नियमावली

मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मॅनेजरांना आम्ही हे शिकवतो, फार फरक पडत नाही.

खडीसाखर

अनुस्वार, त्या शनिवारच्या रोलबॅकबद्दल काही निघालं का? तो तर सगळ्यात मोठा प्रसंग.

अनुस्वार

निघालं, आणि तिथे जमलं नाही. त्यांचं म्हणणं, रात्री अकराच्या आतच थांबायला हवं होतं, मी रविवार उजाडू दिला. जुनाखांब यांच्या सांगण्याप्रमाणे "तेव्हा आपल्याला जेवढं माहीत होतं त्यावर" असं म्हणत त्या रात्रीचं चॅट उघडलं. दहा चाळीसला डेटाबेसवाल्याचा मेसेज आहे की लोडिंग अपेक्षेच्या निम्म्या वेगानं चाललंय. त्यांच्या मते तोच थांबण्याचा इशारा. माझ्या मते तेव्हा आमच्या हातात चार तासांची मोकळीक शिल्लक होती, आणि निम्म्या वेगानंही काम त्यात बसत होतं. खरी अडचण पहाटेच्या तपासणीत आली, तिचा वेगाशी संबंध नव्हता. दोघांनी एकच मेसेज वाचला आणि दोन अर्थ काढले.

जुनाखांब

मग त्यात कोण बरोबर ते सोडून द्या. पुढच्या वेळी कुठल्या आकड्याला थांबायचं ते आधी लिहून ठेवायचं, यावर दोघांचं एकमत होतं का पाहा. "किती वाजता किती टक्के लोड झालं नसेल तर परत फिरायचं", आणि तो निर्णय कोणी घ्यायचा, हे कटओव्हरच्या योजनेत एका ओळीत येतं.

अनुस्वार

ते सुचवलं, त्यांना पटलं. निर्णय कोणाचा यावर मात्र "बघू" म्हणाले.

टोपणनाव

"बघू, तपास चालू." आता त्यांनाच विचारा, किती, कुठल्या प्रकारचं आणि कधी कळेल.

अनुस्वार

हाहा, हे वन-ऑन-वनमध्ये म्हणायची हिंमत नाही.

कीबोर्डशूर

आणि क्लायंटच्या बैठकीचं काय? मुळात ते डोक्यात होतं ना तुमच्या.

अनुस्वार

थेट विचारलं नाही, मुद्दाम. आता दर शुक्रवारी त्या तीन गोष्टी पहिल्या ओळीत टाकतेय. पुढच्या महिन्यात एवढंच विचारणार आहे की हे रिपोर्ट वापरून सोमवारी काही अडलं का, आणि अडलं असेल तर कुठल्या आठवड्यात. बैठकीचं त्यानंतर.

सायलेंटमोड

थेटच विचारा ना. इतक्या आडवळणानं जाऊन बैठक मिळेलच याची खात्री काय?

खडीसाखर

खात्री कुठेच नाही. पण महिनाभराचे रिपोर्ट हातात असताना "मला बैठकीला बसू द्याल का" हे विचारणं आणि आत्ता विचारणं यात फरक आहे. आत्ता ते फक्त आश्वासन देऊ शकतात.

ढवळाढवळ

मी सायलेंटमोडच्या बाजूनं. एका महिन्यात पुढच्या प्रोजेक्टची माणसं ठरून जातील.

अनुस्वार

ही शंका रास्त आहे. किक-ऑफ कधी आहे ते उद्या बघते. पुढच्या वन-ऑन-वनच्या आधी असेल तर महिना थांबत नाही, या आठवड्यातच विचारते.